दहा गोळ्यांचा पत्ता आणि सहा आठवड्यांचं औषध

नागपूरच्या सक्करदरा चौकातून थोडं आत आलं की माझं मेडिकल आहे. गेल्या मे महिन्यात भर दुपारी, रस्त्यावर कुत्रंही दिसत नव्हतं अशा वेळी, एक पन्नाशीचे गृहस्थ डोक्याला दुपट्टा गुंडाळून आले आणि काउंटरवर गोळ्यांचा रिकामा पत्ता ठेवून म्हणाले, "भाऊ, दहाच्या दहा संपल्या. फरक काहीच नाही पडून राहिला. उलट मळमळ होते तिला, रात्रभर टक्क जागी असते. बंद करून देऊ काय?"

गोळी नैराश्यावरच्या एसिटालोप्रामची होती, 5 मिलिग्रॅम. बायकोसाठी. मी चिठ्ठी पाहायला मागितली. डॉक्टरांनी स्पष्ट लिहिलं होतं: पहिले सात दिवस 5, मग 10, एक महिन्याने दाखवा. पण यांनी 'आधी एक पत्ता न्या, पाहू' म्हणून फक्त पाचच्या दहा गोळ्या नेल्या होत्या. आठव्या दिवशी डोस दुप्पट व्हायचा होता, तो झालाच नाही. म्हणजे बाईंना औषधाचा सगळा त्रास मिळाला, पूर्ण डोस एक दिवसही मिळाला नाही, आणि फायदा दिसायची वेळ यायच्या आधीच निकाल लागला.

हे माझ्या काउंटरवर महिन्यातून दोन-चारदा घडतं. तापाची गोळी तासाभरात ताप उतरवते, ॲसिडिटीची अर्ध्या तासात जळजळ थांबवते. त्या हिशेबाने दहा गोळ्या म्हणजे भरपूर संधी दिली असं माणसाला वाटतं. नैराश्याच्या औषधाला मात्र पत्त्याची लांबी लागू पडत नाही. पत्ता संपतो तेव्हा त्रास होऊन गेलेला असतो आणि उपयोग अजून यायचा असतो. औषध सोडून द्यायला याहून वाईट दिवस सापडणार नाही.

यात दोष फक्त त्या गृहस्थांचा नाही. आमचाही आहे, म्हणजे डॉक्टर, फार्मासिस्ट, औषध कंपन्या, सगळ्यांचा. आपण लोकांना वर्षानुवर्षं एक सोपी गोष्ट सांगत आलो: मेंदूत सेरोटोनिन नावाचं रसायन कमी पडलंय, गोळीने ते भरून निघेल. मीही सांगायचो. रक्तात लोह कमी झालं की लोहाची गोळी घेतो ना, तसंच, असं अगदी आत्मविश्वासाने. ऐकणाऱ्याला ते पटायचं, कलंकही जरा कमी व्हायचा. पण ही गोष्ट खरी असती तर औषध पहिल्याच दिवशी लागू पडायला हवं होतं. दहाव्या दिवशी फरक नाही म्हटल्यावर ग्राहक जो निष्कर्ष काढतो, तो आमच्याच गोष्टीतून निघतो: भरलं, तरी बरं वाटलं नाही, म्हणजे औषध बेकार.

गोळी पोटात गेल्यावर काय होतं ते पाहू. एसिटालोप्राम साधारण पाच तासांत रक्तात सर्वांत जास्त प्रमाणात पोहोचतं. मेंदूतल्या पेशी सेरोटोनिन बाहेर सोडतात आणि काम झालं की एका पंपाने ते परत आत ओढून घेतात. हे औषध तो पंप अडवतं. जिवंत माणसाच्या मेंदूचे पेट स्कॅन काढून हे पाहिलं गेलं आहे: नेहमीच्या डोसवर साधारण 80 टक्के पंप अडलेले असतात. याला आठवडे लागत नाहीत, पंप पहिल्या दिवसापासूनच अडायला लागतात. रक्तातलं प्रमाण स्थिर व्हायला आठवडाभर लागतो, कारण या औषधाचं अर्धं प्रमाण उतरायलाच सुमारे 30 तास जातात. पण तो हिशेब धरला तरी आठवड्याचाच खुलासा होतो, महिन्याचा होत नाही.

मग उशीर कशाचा? इथे एक खुलासा असा आहे, जो मला घरच्या पाण्याच्या टाकीवरून नीट कळला. टाकीत फ्लोट असतो. पाणी वर आलं की तो तरंगत वर येतो आणि आत येणारं पाणी बंद करतो. सेरोटोनिन बनवणाऱ्या पेशींचे गाभे मेंदूच्या देठात एका छोट्या भागात गोळा झालेले असतात. आपण किती सेरोटोनिन सोडलं हे मोजायला या पेशींवर स्वतःचेच रिसेप्टर असतात, ऑटोरिसेप्टर म्हणतात त्यांना. औषधाने पंप अडला, आजूबाजूला सेरोटोनिन वाढलं, की हे फ्लोट वर येतात आणि पेशी आपलं सोडणं कमी करते. म्हणजे पहिल्या दिवसांत औषध एका हाताने देतं आणि पेशी दुसऱ्या हाताने काढून घेते. दोन-तीन आठवडे सतत पातळी वर राहिली की हे रिसेप्टर थकतात, दाद देईनासे होतात, आणि मग सोडणं पुन्हा पूर्ववत होतं. हे प्राण्यांत चांगलं दिसून आलं आहे.

खुलासा सुंदर आहे, पण तो तपासूनही पाहिला गेला. पिंडोलोल नावाची ब्लडप्रेशरची जुनी गोळी हा फ्लोट अडवू शकते. नव्वदच्या दशकात ती नैराश्याच्या औषधासोबत देऊन पाहिली. काही चाचण्यांत पहिल्या दोन आठवड्यांत सुधारणा लवकर आली, काहींत आली नाही, आणि पुढे जाऊन फरक पुसला गेला. फ्लोट हे एकमेव कारण असतं तर निकाल इतका धूसर आला नसता.

दुसरा धागा मला जास्त महत्त्वाचा वाटतो. 2008 मध्ये इटलीतल्या पिसा इथल्या गटाने पूर्ण वाढ झालेल्या उंदरांवर एक प्रयोग केला. लहानपणापासून एक डोळा बंद ठेवल्यामुळे त्यांची त्या डोळ्याची नजर कायमची मंद झाली होती. मोठ्या वयात ती सुधारत नाही असं मानलं जायचं. त्यांना काही आठवडे फ्लुऑक्सेटीन हे याच जातीचं औषध दिलं, आणि चांगला डोळा झाकून मंद डोळ्याला काम करायला लावलं. नजर सुधारली. औषधाने मेंदू पुन्हा शिकायला मोकळा केला, आणि शिकवलं मात्र डोळ्याच्या वापराने. माणसांच्या मंद डोळ्यावर हाच उपाय पुढे करून पाहिला तेव्हा तसं यश आलं नाही, म्हणून याच्यावर इमारत बांधू नये. तरीही या दिशेचं बरंच काम झालं आहे: मेंदूतल्या पेशींना नव्या फांद्या फुटणं, जोडण्या बदलणं, हिप्पोकॅम्पस या भागात नव्या पेशी तयार होणं. अशी वाढ काही तासांत होत नाही. झाड लावल्यावर दुसऱ्या दिवशी उकरून कोण पाहतं?

तिसरी गोष्ट तर उशिराच्या कल्पनेलाच जरा धक्का देते. ऑक्सफर्डमधल्या कॅथरीन हार्मर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की एक-दोन डोस घेतल्यावरही माणूस समोरच्याचे चेहरे वाचतो त्यात बदल होतो. नैराश्यात साधा तटस्थ चेहराही रागावलेला, तुच्छतेने पाहणारा वाटतो. औषधाने हा काळा चष्मा लवकर पुसट होऊ लागतो, पण माणसाला स्वतःला बरं वाटत नाही. बरं वाटण्यासाठी त्याला रोजच्या आयुष्यात पुन्हा पुन्हा तेच अनुभव वेगळ्या नजरेने घ्यावे लागतात. शेजारणीने हाक मारली, ती टोमणा न वाटता हाक वाटली, असं वीसदा झालं, की मन हळूहळू हिशेब बदलतं. हे आठवड्यांचंच काम आहे.

अनेक चाचण्यांचे आकडे एकत्र केले तरी हेच दिसतं. सुधारणा पहिल्या दोन आठवड्यांतच सुरू झालेली असते, फक्त ती छोटी असते. चौथ्या आठवड्यात एखाद्या दिवशी अचानक दिवा लागतो, असं होत नाही. म्हणून मी 'महिनाभर काहीच होणार नाही' असंही आता सांगत नाही. त्या वाक्याचाही तोटा आहे, तो पुढे येईल.

आता सेरोटोनिन कमी पडल्याची गोष्ट आली कुठून ते सांगतो, कारण तिचा एक पाय आपल्या मातीत आहे. सर्पगंधा आपल्याकडची जुनी वनस्पती. मुंबईचे डॉ. रुस्तम वकील यांनी 1949 मध्ये ब्लडप्रेशरवर तिच्या उपयोगाविषयी लिहिलेला लेख जगभर वाचला गेला. तिच्यातून रेसरपीन हे औषध वेगळं काढण्यात आलं. ते घेणारे काही रुग्ण उदास झाले, आणि रेसरपीन मेंदूतलं सेरोटोनिन नि त्याची भावंडं रिकामी करतं हेही कळलं. त्याच सुमारास क्षयाच्या रुग्णांना दिलेल्या आयप्रोनियाझिडने ते उत्साही झालेले दिसले, आणि ते औषध ही रसायनं वाढवतं हे समजलं. दोन टोकं जुळली: कमी म्हणजे उदास, जास्त म्हणजे बरं. साठच्या दशकात यातून सिद्धांत उभा राहिला. रेसरपीनने उदास होणारे थोडेच होते, त्यातल्या बऱ्याच जणांना आधीही नैराश्य येऊन गेलं होतं, आणि 1955 मध्येच लंडनमधल्या एका चाचणीत रेसरपीनने चिंताग्रस्त उदास रुग्णांना फायदा झाल्याचं आढळलं होतं. ते बाजूला राहिलं. 1987 च्या अखेरीस अमेरिकेत फ्लुऑक्सेटीनला परवानगी मिळाली, आणि ती गोष्ट जाहिरातीला फारच सोयीची निघाली.

औषधाने बरं वाटलं म्हणून त्याची कमतरता होती, हे तर्कशास्त्रच कच्चं आहे. मे महिन्यात नागपुरात कूलर लावला की खोली थंड होते. उकाडा कूलरच्या अभावाने झाला असं कोणी म्हणत नाही, तो उन्हाने झाला.

प्रत्यक्ष पुरावाही कमतरतेच्या बाजूने नीट उभा राहत नाही. ट्रिप्टोफॅन या अन्नघटकापासून शरीर सेरोटोनिन बनवतं. तो आहारातून काढून टाकला तर काही तासांत मेंदूतलं सेरोटोनिन बनणं घटतं. निरोगी माणसांत असं केलं तर त्यांना नैराश्य येत नाही. मात्र अशाच औषधांनी बऱ्या झालेल्या काहींना तात्पुरती उदासी परत येते. म्हणजे सेरोटोनिनचा या कहाणीशी संबंध आहे, पण तो लोह आणि पंडुरोगासारखा सरळ नाही. 2022 मध्ये लंडनच्या जोआना मॉनक्रीफ आणि सहकाऱ्यांनी आजवरच्या अभ्यासांचा आढावा घेऊन म्हटलं की नैराश्य सेरोटोनिनच्या कमतरतेने होतं याला सातत्याने टिकणारा पुरावा नाही. त्यांच्या पद्धतीवर टीका झाली. मग लंडनमधल्याच दुसऱ्या एका गटाने पेट स्कॅन वापरून नैराश्यातल्या 17 जणांत सेरोटोनिन सुटण्याची क्षमता कमी असल्याचं दाखवलं. 17 जणांवरून जग बदलत नाही, पण दार पूर्ण बंदही झालेलं नाही.

त्या आढाव्याची बातमी आली तेव्हा माझ्या भाच्याने मला ती पाठवून लिहिलं होतं, "मामा, सेरोटोनिनचं खोटं निघालं ना? मग तुम्ही गोळ्या विकून काहून राहिले?" प्रश्न रोकडा आहे. उत्तर असं की गोळी उपयोगी आहे का, हे चाचणीतून कळतं. ती का उपयोगी पडते याचा खुलासा चुकला म्हणून चाचणीचा निकाल पुसला जात नाही. 2018 मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आंद्रेआ चिप्रियानी आणि सहकाऱ्यांनी 21 औषधांच्या 522 चाचण्या, एक लाख सोळा हजारांवर माणसं, एकत्र मांडली. सगळीच औषधं, आत औषधच नसलेल्या खोट्या गोळीपेक्षा सरस निघाली. किती सरस? इथे भाच्याचा संशय अर्धा मान्य करावा लागतो. ठोकळमानाने शंभर जणांना औषध दिलं तर पन्नासेक जणांना चांगला प्रतिसाद मिळतो, खोटी गोळी दिली तर पस्तीस-चाळीस जणांना. सौम्य नैराश्यात हा फरक आणखी बारीक होतो, तीव्र नैराश्यात तो डोळ्यात भरण्याची शक्यता जास्त. या औषधांच्या विक्रीवर माझं दुकान चालतं हे ध्यानात ठेवूनच हे वाचा.

कमतरतेच्या गोष्टीने आणखी एक धंदा काढला आहे. गेल्या वर्षी एक तरुण रक्तातल्या सेरोटोनिनचे दोन रिपोर्ट घेऊन आला, एक औषध सुरू करण्याआधीचा आणि एक दोन महिन्यांनंतरचा. दुसऱ्यात आकडा जवळजवळ तळाला गेला होता. तो घाबरला होता. मी त्याला सांगितलं की शरीरातलं 90 टक्क्यांच्या आसपास सेरोटोनिन आतड्यात असतं, रक्तातलं बहुतेक प्लेटलेट्समध्ये साठवलेलं असतं, आणि ते मेंदूत शिरत नाही. प्लेटलेट्सही त्याच पंपाने सेरोटोनिन आत घेतात. औषधाने पंप अडवला की त्यांचा साठा रिकामा होत जातो. म्हणजे आकडा घसरला याचा अर्थ हा गोळ्या नियमित घेतोय. पैसे मात्र दोनदा गेले होते. (पहिल्या आठवड्यातली मळमळ हीही आतड्यातल्या सेरोटोनिनचीच करणी. आणि प्लेटलेट्सवर परिणाम होतो म्हणून या गोळीसोबत डायक्लोफिनॅकसारखी दुखण्याची गोळी मनाने घेऊ नये, पोटात रक्तस्राव व्हायचा धोका वाढतो.)

माझी सगळ्यात मोठी तक्रार मात्र वेगळी आहे. उशीर झाकण्यासाठी आपल्याकडे एक सोय काढलेली आहे: एसिटालोप्राम आणि क्लोनाझेपाम एकाच गोळीत. क्लोनाझेपाम तासाभरात धडधड कमी करतं, झोप आणतं. रुग्ण दुसऱ्या दिवशी सांगतो, "डॉक्टरचं औषध एकदम जोरात आहे." सुरुवातीचे काही दिवस अस्वस्थता असह्य असेल तर क्लोनाझेपाम देण्यात गैर नाही. पण ते थोड्या दिवसांसाठी आणि वेगळ्या गोळीत हवं. काही आठवडे रोज घेतलं की शरीराला त्याची सवय लागते. एकत्र गोळीत एक चालू ठेवून दुसरं उतरवता येत नाही. अशा गोळ्या तीन-तीन वर्षं घेणारे लोक माझ्याकडे येतात. एक दिवस चुकला की हात थरथरतात, झोप उडते, आणि त्यांना वाटतं आजार परत आला. खरं तर त्यांना बरं करणारं औषध कोणतं आणि अडकवणारं कोणतं हे कधी कळलेलंच नसतं. उशिराबद्दल दोन मिनिटं बोलायचं टाळलं, त्याची किंमत ते अशी भरतात.

म्हणून माझं म्हणणं असं की चिठ्ठीवर औषधासोबत दिवस लिहिलेले असावेत. पहिल्या आठवड्यात मळमळ, डोकं जड, झोप बिघडणं, कधी बेचैनी. बहुतेकांत हे आठ-दहा दिवसांत ओसरतं. दुसऱ्या आठवड्याच्या शेवटी दाखवायला या, महिन्याने नाही. याचं कारण असं की दोन आठवड्यांनी तसूभरही हालचाल नसेल तर त्याच डोसवर पुढे चांगला प्रतिसाद येण्याची शक्यता कमी असते, हे बऱ्याच चाचण्यांत दिसलं आहे. तेव्हा डॉक्टर डोस पाहतात, निदान पुन्हा पाहतात. पूर्ण डोसवर चार ते सहा आठवडे होऊनही काही नसेल तर औषध बदलायचं. 'धीर धरा' एवढंच सांगून तीन महिने काढायला लावणं हेही चुकीचंच, हा तो मघाचा तोटा. आणि दोन गोष्टी दिसल्या तर तारखेची वाट पाहायची नाही. पंचविशीच्या आतल्या मुलामुलींत सुरुवातीच्या दिवसांत तगमग वाढून मरणाचे विचार येऊ लागले, किंवा माणूस अचानक न झोपताही ताजातवाना, अति बडबड्या, पैसे उधळणारा झाला, तर त्याच दिवशी डॉक्टर. दुसऱ्या प्रकारात मूळ आजार बायपोलर असू शकतो. रात्री कुणी सापडत नसेल तर सरकारच्या टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या मदतसेवेचा 14416 हा नंबर चोवीस तास लागतो.

डॉक्टरांना हे बोलायला वेळ नसतो हे मला मान्य आहे. ओपीडीची रांग पाहिली की त्यांना दोष द्यावासा वाटत नाही. पण चार ओळींचा कागद छापायला वेळ लागत नाही.

त्या दुपट्टेवाल्या गृहस्थांना मी त्या दिवशी लगेच गोळी विकली नाही. आधी त्यांच्या डॉक्टरांना फोन लावला. डॉक्टर म्हणाले, उद्यापासून 10 सुरू करा, सकाळी नाश्त्यानंतर, आणि पंधरा दिवसांनी दोघं या. मग मी त्यांना विचारलं की वहिनींच्यात बारीकसंही काही बदललंय का. "काय बदलणार जी," असं म्हणून ते थांबले. मग म्हणाले की परवा कुकरची शिटी झाली तेव्हा ती दचकली नाही, एरवी रडायलाच लागते. आणि काल तिने भाजीत सांबार, म्हणजे कोथिंबीर, घातला, दोन महिन्यांत पहिल्यांदा. त्यांना हा फरक वाटलाच नव्हता.

मी गोळ्यांचा लिफाफा उलटा केला आणि पेनाने त्याच्यावर तारखा टाकल्या: आज, पंधरा दिवसांनंतरची, सहा आठवड्यांनंतरची. खाली 'कुकर, सांबार' असं लिहिलं. ते हसले. या वेळी त्यांनी तीन पत्ते नेले.

जुलैत, पाऊस लागल्यावर, वहिनी स्वतः आल्या. पिशवीतून तोच लिफाफा काढला. मळलेला होता, आणि यादी बरीच लांबली होती, वेगळ्या अक्षरात. शेवटची नोंद मला वाचता आली: 'आईकडे गेली, एकटी, बसने.' त्यांना विचारायचं होतं की गोळी आता बंद करायची का. मी म्हटलं, बरं वाटल्यावरही साधारण सहा महिने चालू ठेवतात, नाहीतर आजार उलटायची शक्यता वाढते, आणि बंद करताना डॉक्टर डोस हळूहळू उतरवतील. एकदम सोडली तर चक्कर, चिडचिड, अंगात वीज चमकल्यासारखं होतं. त्यांनी लिफाफ्याच्या कोपऱ्यात जानेवारी असं लिहिलं आणि कंसात प्रश्नचिन्ह काढलं.